विसाव्या मिनिटाचा फोन

मोबाइलच्या दुकानात बारा महिने हिवाळा असतो. बाहेर अकोल्याच्या रस्त्यावर मे महिन्यातलं डांबर चपलेला चिकटत असलं, तरी काचेचं दार ढकलून आत गेलं की एसी बावीसवर, काउंटरमागची पोरं फुल बाह्यांत, आणि गिऱ्हाईक घाम पुसता पुसता एकदम सुसंस्कृत झालेलं. फोन कसा मक्खन चालतो ते याच हवेत दाखवलं जातं, तेही दोन मिनिटं. मग तो फोन घरी येतो आणि पुढची तीन वर्षं गच्चीच्या स्लॅबखालच्या खोलीत, दुपारी दोन वाजता, लोडाला रेलून खेळला जातो. गेमिंगचा फोन घेताना होणाऱ्या बहुतेक फसगतींचं मूळ या दोन खोल्यांच्या तापमानांतल्या फरकात आहे, असं माझं मत आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझी बहुतेक मतं शेवटी तापमानापाशीच येतात, याची घरच्यांना सवय झालेली आहे.

भाच्याची बारावी झाली आणि दादाने दिलेल्या शब्दाप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंतचा फोन घ्यायचं ठरलं. फोन ‘अभ्यासासाठी’ घ्यायचा आहे, हे घरात सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत न बघता मान्य केलं होतं. अभ्यासाचा विषय होता बीजीएमआय. ज्यांच्या घरात या वयाचं कोणी नाही त्यांच्यासाठी सांगते: पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. दोन्ही वेळा खेळ गेला तेव्हा आमच्या आईने देवापुढे साखर ठेवली. दोन्ही वेळा तो परत आला तेव्हा देवाचं आणि तिचं काही दिवस बोलणं नव्हतं.

भाच्याने तयारी जय्यत केली होती. आवर्तसारणीतला जो मुलगा पोटॅशियमनंतर अडखळतो, त्याला बाजारातल्या सगळ्या फोनांचे अंतुतू स्कोअर तोंडपाठ. “आत्या, याचा साडेनऊ लाख आहे, त्याचा सहा लाख.” हे ऐकून दादा घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आला. लाख हे रुपये नसून गुण आहेत, हे कळल्यावरच त्याचा श्वास खाली बसला.

हे गुण खोटे नसतात. फक्त ते पहिल्या काही मिनिटांचे असतात. फोनचा प्रोसेसर लग्नातल्या बँडवाल्यांसारखा आहे. वरात निघताना असा काही वाजवतो की गल्ली गोळा व्हावी. मांडव जवळ येईपर्यंत मात्र ट्रम्पेट गळालेली असते आणि नुसता ढोल कसाबसा चाललेला असतो. याला या धंद्यात थ्रॉटलिंग म्हणतात. चिप तापली की ती स्वतःच आपला वेग उतरवते, कारण उतरवला नाही तर फोन हातात धरवणार नाही. खेळणाऱ्याला ते असं कळतं: सामन्याच्या शेवटच्या वर्तुळात चार जण उरलेत, चौघेही एकाच झाडामागे आहेत, आणि नेमकं तेव्हा चित्र अडखळायला लागतं. त्याच वेळी स्क्रीनचा उजेडही आपोआप मंद होतो. भाचा याला ‘नेटचा प्रॉब्लेम’ म्हणत असे. नेट अडकलं तर माणसं जागच्या जागी धावतात किंवा एकदम दहा पावलं पुढे प्रकट होतात. आपला कॅमेरा मात्र गुळगुळीत फिरत राहतो. कॅमेरा फिरवतानाच चित्र तुटायला लागलं आणि पाठीला चटका बसत असला, तर बिचाऱ्या नेटला दोष देऊ नये.

कुठली चिप लवकर दमते, हे नावावरून कळत नाही. २०२१ च्या शेवटी क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आली, त्या वर्षीची सगळ्यात वरची. तिचे फोन तापतात म्हणून इतका गवगवा झाला की अर्ध्या वर्षात ८ प्लस जेन १ आली. रचना जवळजवळ तीच, पण पहिली सॅमसंगच्या कारखान्यात बनली होती आणि दुसरी तैवानच्या टीएसएमसीच्या. तेवढ्या बदलाने त्याच वेगाला सुमारे ३० टक्के कमी वीज लागते, असं क्वालकॉमनेच सांगितलं. एकच आराखडा, दोन भट्ट्या, आणि एवढा फरक. त्याउलट ७ प्लस जेन २ आणि ७ एस जेन २ ही नावं ऐकून सख्खी भावंडं वाटतात, पण खेळात प्लस इतकी पुढे आहे की एसला तिची पाठही दिसत नाही. या नामकरणामागे काही व्यवस्था असेलच. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा क्रमांकांमागेही असते म्हणतात.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, लाख सोड, वॉट बोल. फोनची लांबी साधारण सोळा सेंटिमीटर, रुंदी साडेसात. पुढची-मागची बाजू मिळून २४० चौरस सेंटिमीटर. चिपमध्ये जेवढी वीज जाते, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन याच दोन बाजूंनी बाहेर पडायची असते. तिसरा दरवाजा नाही. स्थिर हवेत अशा पृष्ठभागातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला, साधारण दहा वॉट निघून जातात. फोनची पाठ त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या फार पुढे जाऊ द्यायची नाही, हे बनवणाऱ्यांनीच ठरवलेलं असतं, कारण त्यापुढे माणूस तो हातात धरत नाही. आता हिशेब करा. दुकानात हवा तेवीस अंशांची, पाठ त्रेचाळीसची, फरक वीस. म्हणजे पावणेपाच वॉट आरामात बाहेर. जड खेळाला सलग लागतात तेही साधारण चार-पाच वॉटच. म्हणून दुकानात सगळे फोन गुणी असतात. तोच फोन स्लॅबखालच्या अडतीस अंशांच्या खोलीत आणा. फरक उरला पाच. बाहेर पडणार सव्वा वॉट. खेळ तोच, चिप तीच, लाख तेच. पण खर्चायला चौथाई पैसे.

दादाने कागदावरचा हिशेब दोनदा तपासला. तो महावितरणमध्ये आहे, त्यामुळे वॉट या एककाबद्दल त्याला आदर आहे. “म्हणजे त्रेचाळीस अंशांच्या दुपारी?” त्याने विचारलं. म्हणजे फरक शून्य, मी म्हटलं. म्हणजे फोनला उष्णता टाकायला जागाच नाही. दादाच्या चेहऱ्यावर एक अनपेक्षित समाधान पसरलं. मुलाचा खेळ बंद पाडायला निसर्गनियम त्याच्या बाजूने उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग आली कूलिंगची जाहिरात. भाच्याच्या यादीतल्या एका फोनात ‘पाच हजार चौरस मिलिमीटर व्हेपर चेंबर’ होतं. चौरस मिलिमीटर हे एकक जाहिरातवाल्यांनी फार विचारपूर्वक निवडलेलं आहे. पाच हजार चौरस मिलिमीटर म्हणजे पन्नास चौरस सेंटिमीटर, म्हणजे सात बाय सातचा चौकोन, म्हणजे आईच्या चष्म्याची डबी उघडली तर त्यात बसेल एवढा. पण वस्तू चांगली आहे, तिची टिंगल करायची नाही. तांब्याची एक कागदासारखी पातळ बंद डबी. आतली हवा काढून टाकलेली आणि थेंबभर पाणी ठेवलेलं. दाब कमी असल्याने ते पाणी थोड्या उष्णतेलाही उकळतं. चिपच्या वर त्याची वाफ होते, वाफ थंड कोपऱ्यांकडे पळते, तिथे पुन्हा पाणी होतं, आणि आतल्या जाळीतून झिरपत परत चिपपाशी येतं. चिप नखाएवढी असते. तिची उष्णता एका जागी न साठता सगळ्या पाठीवर पसरते. पण पसरवणं वेगळं आणि घालवणं वेगळं. व्हेपर चेंबर उष्णता फोनच्या दारापर्यंत आणून सोडतं. दाराबाहेर मे महिना उभा असेल तर ते काय करणार?

अशी सगळी सिद्धता करून आम्ही दुकानात गेलो. दादा, भाचा, मी, आणि माझ्या पर्समध्ये कोरोनाच्या काळात सोसायटीने घेतलेलं, कपाळावर रोखायचं ते थर्मामीटरचं पिस्तूल. त्यावर एक बटण असतं, त्याने माणसाऐवजी वस्तूचं तापमान मोजता येतं. चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवतं, पण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाठीवर ठीक चालतं. मी ते पहिल्या फोनवर रोखलं तेव्हा काउंटरवरचा पोरगा दोन पावलं मागे सरकला. “मॅडम, याले ताप नाही येत,” तो म्हणाला.

तेवढ्यात मालक बाहेर आला आणि माझा जुना विद्यार्थी निघाला. अकोल्यात तीस वर्षं शिकवल्यावर असं होतंच. रिक्षात, बँकेत, एकदा तर ऑपरेशन थिएटरच्या दारात झालं होतं. मी त्याला सांगितलं की हे दोन फोन मला गरम जागेत वीस मिनिटं चालवून बघायचे आहेत. त्याने हात जोडले. “मॅडम, मले तवाच थर्मोडायनॅमिक्समधी बावीस पडले होते. आता दुकानात परत पेपर काऊन घेता?” एसी बंद करायला त्याने साफ नकार दिला. पण मागे गोडाऊन होतं, तिथे पंखा नव्हता, आणि माझ्या पिस्तुलाने भिंत सदतीस अंशांवर दाखवली. रिकाम्या खोक्यांवर दोन डेमो फोन ठेवले गेले. चहा आला.

परीक्षा अशी. 3DMark नावाचं एक मोफत ॲप आहे, त्यात Wild Life Stress Test नावाची चाचणी असते. ती एक मिनिटाचा जड ग्राफिक्सचा तुकडा वीस वेळा लागोपाठ चालवते आणि प्रत्येक फेरीचे गुण देते. शेवटी सगळ्यात वाईट फेरी ही सगळ्यात चांगल्या फेरीच्या किती टक्के होती, ते स्थिरता म्हणून सांगते. दोन्ही फोनांची कव्हरं काढली, उजेड सारखा केला, चार्जर लावला नाही, आणि आम्ही खोक्यांवर बसलो. दादाने घड्याळ लावलं. वीस मिनिटं पाच माणसं गोडाऊनमध्ये दोन फोनांकडे टक लावून बसलेली पाहून एक गिऱ्हाईक डोकावलं, आणि काही दुःखाचा प्रसंग असावा अशा समजुतीने चपला काढून आत येऊ लागलं.

पहिला फोन भाच्याचा लाडका, साडेनऊ लाखवाला. पहिल्या फेरीत त्याला नऊ हजारांच्या वर गुण. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली. पाचव्या फेरीला पाठ त्रेचाळीस. आठव्या फेरीपासून गुण घसरायला लागले, स्क्रीन आपोआप फिकट झाली. शेवटच्या फेरीत साडेचार हजार उरले होते आणि कॅमेऱ्याशेजारी पिस्तूल सेहेचाळीस दाखवत होतं. स्थिरता पन्नास टक्के. दुसरा फोन सुरुवातीला सात हजारांच्या आतबाहेर होता, आणि शेवटी साडेसहा हजारांवर. पाठ बेचाळीस. म्हणजे विसाव्या मिनिटाला साधा फोन मिजासखोरापेक्षा जवळजवळ दीडपट पळत होता, आणि किमतीला चार हजारांनी कमी. मालक म्हणाला, “हे बाहेर नका सांगू बरं का मॅडम.”

टक्क्यांवर मात्र भुलू नये. मी गंमत म्हणून दादाच्या जुन्या फोनवर तीच चाचणी लावली. स्थिरता नव्याण्णव टक्के. कारण तो पहिल्या मिनिटालाही काही करत नव्हता. बघायचे ते शेवटच्या फेरीचे गुण. आणि खुद्द चाचणीवरही फार श्रद्धा नको. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगचं एक प्रकरण गाजलं. त्यांच्या फोनांतली एक सेवा हजारो ॲप्सचा वेग आवरून धरत होती, पण चाचणीच्या ॲप्सना मोकळं सोडत होती. गीकबेंचने त्यावरून गॅलेक्सी एस २२ चे फोन आपल्या यादीतून काढून टाकले. पर्यवेक्षक दिसला की सरळ बसायचं, हे फोनालाही कळतं. म्हणून शक्य असेल तर ज्याच्याकडे तोच फोन आहे त्याच्या घरी दुपारी जाऊन, प्रत्यक्ष खेळ अर्धा तास खेळून पाहावा. चहा तिथेही मिळतो.

भाचा अजून हरला नव्हता. त्याचा हुकमी पत्ता रिफ्रेश रेट. “आत्या, पहिल्याला एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ आहे, दुसऱ्याला फक्त एकशे वीस.” इथे दादा उसळला. त्याच्या मते पन्नास हर्ट्झवर अख्खा महाराष्ट्र चालतो, आणि या पोराला खेळायला एकशे वीस कमी पडतात. मी दोघांनाही बसवलं. एकशे वीस हर्ट्झ म्हणजे स्क्रीन दर आठ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवायला तयार असते. तयार असते, एवढंच. चित्र पुरवायचं काम खेळाचं आणि चिपचं. खेळ सेकंदाला साठ चित्रं देत असेल, तर ती स्क्रीन प्रत्येक चित्र दोनदा दाखवते आणि स्वतःशी जांभया देते. बीजीएमआयमध्ये Smooth ग्राफिक्सबरोबर Extreme निवडलं की साठ चित्रं मिळतात. नव्वदचं नाव Extreme+ आणि एकशे वीसचं Ultra Extreme. पण हे वरचे दोन पर्याय नुसत्या स्क्रीनवर अवलंबून नसतात, ते खेळाने ज्या मॉडेलला परवानगी दिली त्यालाच दिसतात. खोक्यावर एकशे चव्वेचाळीस छापलेला फोन घरी आणून सेटिंग उघडावं आणि वर साठच्या पुढे काहीच नसावं, हा अनुभव अनेक घरांतल्या शांततेला कारण झाला आहे. घेण्याआधी त्याच मॉडेलच्या फोनात खेळाचं ग्राफिक्सचं पान उघडून पाहणं, हा एकच खरा पुरावा.

आणि पर्याय दिसला तरी तो झेपायला हवा. साठच्या स्क्रीनवर साठ चित्रं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सोळा-सतरा मिलिसेकंद. एक चित्र वेळेत तयार झालं नाही की आधीचंच तेहेतीस मिलिसेकंद ताटकळत राहतं, आणि डोळ्याला तो धक्का लगेच कळतो. म्हणून नव्वदवर चढून सारखा पन्नासवर घसरणारा फोन, साठवर घट्ट बसलेल्या फोनापेक्षा खेळायला वाईट. सरासरी चांगली दिसते. पण सरासरी नदीत उतरायला जशी कामाची नाही, तशी इथेही नाही. खोक्यावर ‘टच २१६० हर्ट्झ’ असाही एक आकडा होता. तो बोटाचा स्पर्श किती वेळा तपासतात त्याचा, स्क्रीनच्या चित्रांचा नव्हे. मी तो मोठ्याने वाचला आणि पुढे गेले.

स्टोरेजची गोष्ट लवकर आटोपते. चित्रांचा वेग त्याने वाढत नाही. वाढतो तो नकाशा उघडण्याचा वेग. हळू स्टोरेज असलं की विमानातून उडी मारून घरापाशी उतरावं आणि घर अजून आलेलंच नसावं, नुसता करडा ठोकळा उभा, असं होतं. स्वस्तातल्या ईएमएमसीला वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी जमत नाही, यूएफएसला जमतं. म्हणून खोक्यावर यूएफएस आणि पुढे निदान ३.१ हा आकडा शोधावा. पंचवीस हजारांत २.२ सुद्धा गळ्यात पडतं. कधी कधी एकाच नावाच्या फोनात आकारावरून जात बदलते. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २३ मध्ये १२८ जीबीला यूएफएस ३.१ होतं आणि २५६ ला ४.०, दुकानातली पाटी एकच. भाच्यासाठी २५६ घेतलं, कारण गेन्शिन इम्पॅक्टसारखा एक खेळच तीस जीबी खातो, आणि पूर्ण भरलेलं स्टोरेज मंदावतं म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा लागतो. उरलेल्यात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरचे सुप्रभात बसायला हवेत. ‘आठ अधिक आठ रॅम’ यातली दुसरी आठ ही स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते, हे ऐकून दादाने पोराकडे पाहिलं. उसनवारीचा हा प्रकार त्याला ओळखीचा वाटला असावा.

बॅटरीच्या बाबतीत मालकाने सहा हजार एमएएच, पाच हजार एमएएच असं सुरू केलं. पाच हजार एमएएच म्हणजे साधारण एकोणीस वॉट-तास. खेळाला पाच वॉट लागले तर पावणेचार तास. इथपर्यंत आठवीचं गणित आहे. खरी गडबड सुरू होते ती भाच्याच्या पिढीच्या एका सवयीने: चार्जर लावून खेळणं. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते, चिप तापलेलीच असते, आणि दोघांना बाहेर पडायला दार तेच. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि पूर्ण भरलेलं पोट. इथे दोन्ही एकदम. वर्षभरात सकाळची शंभर टक्के बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकेनाशी होते, आणि पाठ फुगलेली दिसली तर फोन तिथेच बंद करून दुरुस्तीला न्यायचा, टोचायचा नाही.

यावर एक फार सुंदर सोय आहे, आणि जाहिरातीत ती सगळ्यात बारीक अक्षरात असते: बायपास चार्जिंग. चार्जरची वीज बॅटरीत न जाता सरळ फोनला मिळते. बॅटरी बाजूला बसून राहते. ती सोय खरीच चालते का, हे ओळखणं सोपं: ती सुरू करून चार्जर लावून अर्धा तास खेळा. टक्के जिथल्या तिथे राहिले तर चालते. वर चढत असतील तर ते नुसतं नाव आहे. दुसऱ्या फोनात ती होती, पहिल्यात नव्हती. तिथेच माझा निकाल लागला. काही फोनांना त्यासाठी ठरावीक प्रकारचाच चार्जर लागतो, तेवढं विचारून घ्यावं. आणि आडव्या धरलेल्या फोनात वायर नेमकी तळहातात घुसते, म्हणून काटकोनी टोकाची वायर घ्यावी. असुसच्या आरओजी फोनांत त्यासाठी लांब बाजूला आणखी एक चार्जिंगचं तोंडच दिलेलं असतं. ज्याने ते सुचवलं तो नक्की खेळणारा माणूस असणार.

बाहेरून लावायचे कूलरही मालकाने दाखवले. पाठीला चिकटणारी, वीज लावली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती, तिच्या मागे पंखा. काम करतात. पण गार बाजू हवेच्या दवबिंदूखाली गेली की तिच्यावर पाणी सुटतं, आणि ते फोनच्या फटीत जातं. रत्नागिरीत पावसाळ्यात हे नक्की होणार. अकोल्याच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी की घाम यायच्या आधी वाळतो. फोन फ्रीजमध्ये ठेवणं मात्र कुठल्याच जिल्ह्यात करू नये. रेडमॅजिकच्या फोनांत तर आतच मिनिटाला सुमारे वीस हजार फेऱ्यांचा पंखा असतो. मी आमच्या खिडकीतल्या धुळीचा विचार करून त्या पानावरून डोळे काढले.

दुसरा फोन घेतला. घरी आल्यावर वहिनीने त्याला लगेच डायरीसारखं मिटणारं जाड रेक्झिनचं कव्हर चढवलं. खेळताना ते काढायचं, या अटीवर वाटाघाटी संपायला संध्याकाळ झाली. पडून फुटणं आणि तापून मरणं यांत वहिनीचं मत ठाम होतं. मग मी पुन्हा कागद घेतला. स्लॅबखालच्या खोलीत सव्वा वॉट. पंख्याचा झोत पाठीवर आला की हवा हलते आणि उष्णता जवळजवळ दुप्पट जाते, अडीच वॉट. पण वाळ्याच्या ताटीच्या कूलरपुढे बसलं तर हवा तीसवर येते, फरक तेरा, झोत आहेच, सहा वॉट. दुकानापेक्षाही जास्त. विदर्भात गेमिंगसाठी सगळ्यात महत्त्वाचं उपकरण कुठलं, याचं उत्तर कागदावर आलं होतं आणि ते गेली बारा वर्षं आमच्या हॉलच्या खिडकीत बसलेलं होतं.

फक्त त्याच्या पुढची जागा आईची होती. तिथे तिची खुर्ची, तिची पोथी, तिची दुपारची झोप. दादाने शिष्टाई केली. आईने सगळा हिशेब ऐकून घेतला, वॉटसकट, आणि म्हणाली, “बसू दे की. पण टाकीत पाणी तो भरेल.” कूलरची टाकी साठ लिटरची, नळ अंगणात, आणि मे महिन्यात तिला दुपारपर्यंत तळ दिसतो. भाच्याने लगेच मान्य केलं. आता रोज सामना रंगात येतो आणि आतून आईचा आवाज येतो, “अरे, गरम वारा यायला लागला.” पोरगा बादली घेऊन अंगणात धावतो, खुर्चीवर ठेवलेल्या, बेचाळीसच्या खाली असलेल्या, साठ चित्रांवर घट्ट चाललेल्या फोनातून त्याचे तिघे जोडीदार ओरडत राहतात, “कुठं गेला बे? मागून येऊन राह्यले!”